चार आठवडे, ॲरे-ट्री-ग्राफ: विषयवार अभ्यास करावा की सरमिसळ?

प्लेसमेंटच्या कोडिंग राउंडला महिनाभर उरला की कॉलेजात दोन प्रकारच्या योजना फिरायला लागतात. पहिली विषयवार. एक आठवडा ॲरे, एक आठवडा ट्री, एक आठवडा ग्राफ आणि शेवटचा आठवडा मॉक टेस्टचा. दुसरी सरमिसळ. तिच्यातही नवे विषय याच क्रमाने येतात, पण मागचा विषय बंद होत नाही. साधारण दहाव्या दिवसापासून तर समोरचा प्रश्न कुठल्या विषयाचा आहे हेही आधी कळत नाही.

मी दोन्ही वापरल्या आहेत. नवी मुंबईतल्या कॉलेजात शिकत असताना सीझनच्या सुरुवातीच्या कंपन्यांसाठी विषयवार आणि पुढच्या कंपन्यांसाठी सरमिसळ. आता ऐरोलीला नोकरी करतो. कॉलेजची ज्युनिअर मुलं ‘दादा, कसं करू’ म्हणून विचारतात, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन्ही योजना पुन्हा पाहून झाल्या आहेत. मी काही मोजमाप केलेलं नाही, त्यामुळे पुढे आहे तो अनुभवच समजा. तुम्हाला एखादी भाषा नीट येते, लूप आणि फंक्शन लिहिताना अडत नाही, आणि दिवसाला अडीच-तीन तास काढता येतात, एवढं गृहीत धरतो.

विषयवार योजनेचं बळ

या योजनेला नावं ठेवायची नाहीत, कारण हात बसवायला तिच्याइतकं काही चांगलं नाही. ट्रीच्या आठवड्यात एकामागून एक दहा-बारा प्रश्न सोडवले की रिकर्शनची भीती जाते. `if root is None: return` ही ओळ विचार न करता लिहिली जाते. लेव्हल ऑर्डरचा क्यू, डाव्या-उजव्या उपट्रीकडून उत्तर घेऊन वरती परतवणं, बीएसटीमध्ये इनऑर्डर घेतला की आकडे चढत्या क्रमाने येतात, हे सगळं एका सलग आठवड्यात जसं मुरतं तसं तुकड्यातुकड्याने मुरत नाही. रोज सुटलेल्या प्रश्नांचा आकडा वाढताना दिसतो, त्याने हुरूपही येतो. हुरूप टिकणं चार आठवड्यांच्या कामात महत्त्वाचं असतं.

शिवाय ही योजना आखायला काही लागत नाही. लीटकोड किंवा गीक्सफॉरगीक्सवर विषयाचं पान उघडायचं आणि वरून खाली जायचं.

मला खटकलं ते एकच

ते विषयाचं पानच मला खटकतं. ‘ग्राफ’ असं शीर्षक असलेल्या पानावरचा प्रश्न उघडला की अर्धा प्रश्न वाचण्याआधीच सुटलेला असतो. बीएफएस किंवा डीएफएस लागणार हे ठरलेलंच असतं, फक्त दोनपैकी कुठलं ते पाहायचं. कोडिंग राउंडला प्रश्नाच्या डोक्यावर असं काही लिहिलेलं नसतं. तिथे साधारण तास-दीड तासात दोन-तीन प्रश्न असतात. एखादा प्रश्न सोसायटीच्या पार्किंगची गोष्ट सांगतो, एखादा कुरिअरवाल्याची. त्या गोष्टीखाली कुठला विषय दडला आहे हे ओळखणं हीच त्या राउंडची पहिली पायरी असते, आणि विषयवार योजनेत तीन आठवडे त्या पायरीचा सराव एकदाही होत नाही.

शेवटच्या मॉकच्या आठवड्यात तो होतो असं म्हणता येईल. पण तोवर सात दिवस उरलेले असतात, ॲरेचा आठवडा दोन आठवडे मागे पडलेला असतो, आणि ओळखण्यातली चूक व विसरण्यातली चूक एकाच वेळी समोर येते. नेमकं दुखणं कुठलं हे कळायलाच दोन मॉक जातात.

नुसतं सांगून हे पटणार नाही, म्हणून एक प्रश्न पूर्ण उकलून दाखवतो. ज्युनिअर मुलांना मी तो पावसाच्या पाण्याच्या रूपात देतो, कारण जुलैतल्या नवी मुंबईत ते समजावून सांगावं लागत नाही.

सोसायटीच्या आवाराचा चौकटींचा नकाशा आहे. 2 म्हणजे पाणी साचलेली चौकट, 1 म्हणजे कोरडी, 0 म्हणजे भिंत. दर मिनिटाला पाणी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे शेजारच्या कोरड्या चौकटीत पसरतं. सगळ्या कोरड्या चौकटी भिजायला किती मिनिटं लागतील? एखादी कधीच भिजणार नसेल तर -1 द्या.

```
2 1 1 0
0 1 0 1
1 1 1 1
```

ॲरेचा आठवडा नुकताच संपवलेला मुलगा हा नकाशा बघतो तेव्हा त्याला द्विमिती ॲरे दिसतो, आणि हात आपसूक दोन लूपकडे जातात. ओळीने फिरायचं, 2 दिसला की शेजारच्या 1 चा 2 करायचा, काहीच बदलेनासं होईपर्यंत फेऱ्या मारायच्या आणि बदल झालेल्या फेऱ्या मोजायच्या. वरचं उदाहरण या पद्धतीने हाताने करून बघा. पहिल्याच फेरीत डावीकडच्या वरच्या 2 मुळे शेजारची चौकट भिजते. लूप पुढे सरकून त्या नव्या 2 वर येतो आणि तिचे शेजारी भिजवतो. मग खालच्या ओळीत उतरतो, पुन्हा तेच होतं, आणि शेवटच्या चौकटीवर पोचेपर्यंत सगळं आवार भिजलेलं असतं. उत्तर येतं 1. खरं उत्तर 6 आहे.

चूक कशी ओळखायची? तोच नकाशा डावा-उजवा आणि खाली-वर उलटा करून चालवायचा. खरं उत्तर बदलायला नको, पण या कोडचं बदलतं, कारण आता पाणी लूपच्या दिशेच्या उलट पसरतं. या मिनिटाला भिजलेली चौकट याच मिनिटाला पुढे पाणी देते आहे, एवढाच दोष आहे. बहुतेक मुलं तो शोधतातही. नव्याने भिजलेल्या चौकटीत तात्पुरता 3 ठेवायचा आणि फेरी संपल्यावर त्याचा 2 करायचा. उत्तर 6 येतं, नमुन्याच्या टेस्ट केस पास होतात, सबमिट होतं आणि लपलेल्या टेस्ट केसमध्ये वेळ संपतो.

तो का संपतो ते आकड्यांत बघा. 1000 बाय 1000 चा नकाशा घ्या आणि भिंती अशा लावा की पाण्याला नागमोडी, एका ओळीतून पुढच्या ओळीत असं जावं लागेल. वाट साधारण 5 लाख चौकटींची होते, म्हणजे साधारण 5 लाख फेऱ्या. प्रत्येक फेरीत 10 लाख चौकटी तपासायच्या. गुणाकार 50 हजार कोटींवर जातो. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला ढोबळमानाने 10 कोटी साध्या क्रिया धरल्या तरी तासाच्या वर वेळ लागेल, आणि राउंडमध्ये एका टेस्ट केसला सेकंद-दोन सेकंद मिळतात.

ग्राफचा आठवडा सुरू असलेल्या मुलाला हाच प्रश्न दिला तर तो पाच मिनिटांत बीएफएस लिहून मोकळा होतो. सुरुवातीला सगळे 2 एकदम क्यूमध्ये टाकायचे, कोरड्या चौकटी मोजून `left` मध्ये ठेवायच्या, मग एकेका मिनिटाचा थर संपवत जायचं:

```python
t = 0
while q and left:
    for _ in range(len(q)):
        r, c = q.popleft()
        for dr, dc in ((1,0), (-1,0), (0,1), (0,-1)):
            a, b = r + dr, c + dc
            if 0 <= a < n and 0 <= b < m and grid[a][b] == 1:
                grid[a][b] = 2
                left -= 1
                q.append((a, b))
    t += 1
return t if left == 0 else -1
```

`range(len(q))` ही जागा महत्त्वाची. त्या क्षणी क्यूमध्ये जितक्या चौकटी आहेत तितक्याच या मिनिटाच्या; आत नव्याने आलेल्या पुढच्या मिनिटासाठी थांबतात. वरच्या पद्धतीत 3 लिहून जे साधलं ते इथे आपोआप होतं. प्रत्येक चौकट क्यूमध्ये एकदाच जाते आणि तिचे चार शेजारी बघितले जातात, त्यामुळे 10 लाख चौकटींना फार तर 40 लाख तपासण्या. वरच्या नमुन्यावर पाण्याचे थर 1, 2, 1, 2, 1, 1 असे पडतात. एकूण 8 कोरड्या चौकटी, 6 मिनिटं.

आता या दोन मुलांमध्ये हुशारीचा फरक आहे का? मला तरी वाटत नाही. कित्येकदा तो एकच मुलगा असतो, दोन वेगळ्या आठवड्यांतला. प्रश्नात ‘दर मिनिटाला शेजारी पसरतं’ आणि ‘किती मिनिटं लागतील’ असे दोन शब्दसमूह दिसले की थराथराने जाणारा बीएफएस, हे त्याला ग्राफच्या आठवड्यात समजलेलं असतं; पण प्रश्नातून ते वेचून काढायची त्याच्यावर वेळच आलेली नसते, कारण पानाच्या शीर्षकाने ते काम आधीच केलेलं असतं. कोडिंग राउंडनंतर मुलांकडून ‘अरे, हे तर मला येत होतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्यापुरता निर्णय याच एका गोष्टीवर झाला.

विसरण्याचा मुद्दाही त्यातच येतो

दुसरं उदाहरण ट्रीचं. एक बायनरी ट्री आहे, प्रत्येक नोडवर आकडा आहे. कुठल्याही नोडपासून सुरू होऊन खाली जाणारे, बेरीज बरोबर k होणारे मार्ग किती? ट्रीच्या आठवड्यात जे शिकलेलं असतं त्यावर पहिलं सुचतं ते असं की प्रत्येक नोडपासून खाली उतरत बेरीज करायची. ट्री एका बाजूला लांबच लांब वाढलेला असेल तर हे O(n²) होतं.

चांगला मार्ग ॲरेच्या आठवड्यातून येतो. ॲरेत बेरीज k असलेले सलग तुकडे मोजताना आपण सुरुवातीपासूनची बेरीज धरतो, आणि ‘आताची बेरीज वजा k’ ही बेरीज आधी किती वेळा येऊन गेली हे हॅशमॅपमध्ये बघतो. मुळापासून एखाद्या नोडपर्यंतची वाट हीसुद्धा एक ॲरेच आहे, त्यामुळे तीच युक्ती जशीच्या तशी चालते. फक्त एक जास्तीचं काम करावं लागतं. नोडमधून वर परतताना त्या नोडची बेरीज हॅशमॅपमधून एकाने कमी करायची.

ते राहिलं तर काय होतं बघा. मुळावर 5, डावीकडे 3, उजवीकडे 4, आणि k आहे 1. अशी वाट एकही नाही, उत्तर 0. पण डावीकडून परतताना तिथली बेरीज 8 हॅशमॅपमध्ये राहिली, तर उजवीकडे बेरीज 9 होते, 9 वजा 1 म्हणजे 8 सापडतं आणि कोड 1 सांगतो. डाव्या फांदीतून उजव्या फांदीत उडी मारणारी, अस्तित्वात नसलेली वाट त्याने मोजली. एकाच सरळ फांदीच्या ट्रीवर ही चूक दिसतच नाही, म्हणून तपासताना दोन फांद्यांचं छोटं उदाहरण घ्यायचं.

विषयवार योजनेत ट्री संपेपर्यंत ॲरेची ही युक्ती आठवडाभर हाताळलेली नसते, आणि ट्रीच्या पानावर बसल्यावर ॲरेकडे वळून बघावं असं सुचतही नाही. सरमिसळ योजनेत कालच ती वापरलेली असते. आदल्या दिवशी ॲरेवर हीच युक्ती केलेली मुलं हा प्रश्न स्वतःहून सोडवताना मी पाहिली आहेत. ज्यांनी ॲरे बाजूला ठेवून दिला होता त्यांना मात्र बहुधा सुचवावं लागलं.

सरमिसळ योजना आखायची कशी

पहिला आठवडा दोन्ही योजनांत जवळपास सारखाच असतो आणि असायलाही हवा. जे शिकलंच नाही ते मिसळणार काय? ॲरेतल्या चार गोष्टी घ्या: दोन पॉइंटर, सरकती खिडकी, सुरुवातीपासूनची बेरीज, हॅशमॅप. दिवसाला तीन प्रश्न पुरेत. आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांत ट्रीचे प्रीऑर्डर, इनऑर्डर, पोस्टऑर्डर हे तीन फेरफटके रिकर्शनने लिहून काढा, म्हणजे दुसऱ्या आठवड्याची सुरुवात कोरी राहणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात वाटा वेगळ्या होतात. रोज ट्रीचे दोन नवे प्रश्न आणि एक जुना ॲरेचा. आठवड्याच्या मध्यावर लेव्हल ऑर्डर आली की त्याच संध्याकाळी वरच्या पाण्याच्या प्रश्नासारखा चौकटींचा एखादा सोपा प्रश्न घ्यायचा. क्यू तोच, थर मोजायची रीत तीच, फक्त नोडच्या मुलांच्या जागी चौकटीचे चार शेजारी. ग्राफचा आठवडा अजून लांब असतो, पण बीएफएसशी ओळख होऊन जाते. विषयवार योजनेत या दोन गोष्टींमध्ये चांगली आठवडाभराची भिंत असते.

तिसऱ्या आठवड्यात ग्राफ. इथे मी अभ्यासाची सुरुवात कागदावर आपल्या लोकलच्या नकाशाने करायला सांगतो. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे हा सरळ धागा आहे. तुर्भ्याला गाडी एकतर सानपाड्याकडून वाशीला जाते, नाहीतर जुईनगरकडून नेरूळला. एवढंच काढलं तर तो ट्री आहे, आणि ‘आलो त्या स्टेशनाकडे परत जायचं नाही’ एवढ्या नियमावर सगळा नकाशा फिरता येतो. पण सानपाडा आणि जुईनगर हार्बर लाइनने एकमेकांना जोडलेले आहेत. तो जोड काढला की तुर्भे, सानपाडा, जुईनगर असा त्रिकोण तयार होतो. आता फक्त आलो ते स्टेशन टाळत गेलात तर त्रिकोणात कायमचे फिरत राहाल: तुर्भ्याहून सानपाडा, तिथून जुईनगर, तिथून पुन्हा तुर्भे. `visited` कशासाठी लागतो हे एवढ्या एका त्रिकोणाने लक्षात राहतं. आधीच भेट झालेलं, पण आपण जिथून आलो ते नसलेलं स्टेशन शेजारी दिसलं तर सायकल सापडली, हा दिशा नसलेल्या ग्राफमधला सायकल शोधायचा प्रश्नही त्यातच सुटतो.

त्यापुढे ग्राफमध्ये अडजेसन्सी लिस्ट, जोडलेले भाग मोजणं, बीएफएसने कमीत कमी पायऱ्या आणि टोपोलॉजिकल क्रम एवढं फ्रेशरसाठी भरपूर आहे. वजनाच्या कडा आल्या तर डायक्स्ट्रा. वेळ उरला तरच त्यापुढे जा. पायथन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळायची. तिथे रिकर्शनची मर्यादा मुळात 1000 असते, त्यामुळे चौकटींच्या मोठ्या नकाशावर रिकर्शनचा डीएफएस `RecursionError` देऊन पडतो. नमुन्याच्या छोट्या टेस्ट केसमध्ये हे कळत नाही. चौकटींच्या प्रश्नांत स्वतःचा स्टॅक किंवा क्यू वापरण्याची सवय याच आठवड्यात लावून घ्या. जुने दोन प्रश्न, एक ॲरेचा आणि एक ट्रीचा, या आठवड्यातही रोज चालूच राहतात.

आता शीर्षक लपवायचं कसं? एकट्याने हे कठीण जातं, कारण प्रश्न आपणच निवडला की विषय आपल्याला माहीत असतो. सगळ्यांत सोपी रीत म्हणजे दोघा-तिघांचा गट. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी प्रश्न निवडायचा, नाव आणि विषय काढून टाकायचा आणि फक्त मजकूर व मर्यादा व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. ज्याला मिळाला त्याने कीबोर्डला हात न लावता पाच मिनिटांत तीन गोष्टी उत्तरादाखल लिहायच्या: कुठली पद्धत, प्रश्नातल्या कुठल्या शब्दांवरून ती सुचली, आणि दिलेल्या मर्यादेत ती वेळेत बसते का. कोड त्यानंतर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कॉलेजला येणारी मुलं हे गाडीतच करतात. लॅपटॉप उघडता येत नाही अशा वेळेत नेमका हाच सराव होतो, आणि घरी बसायची वेळ कोडसाठी मोकळी राहते.

मर्यादा वाचायची सवय इथेच लागते. n 1 लाखापर्यंत असेल तर O(n²) म्हणजे 1000 कोटी क्रिया, ते बसणार नाही. n 1000 असेल तर तेच O(n²) आरामात बसतं, मग उगाच हुशारी करत वेळ घालवायचा नाही. विषयाच्या पानावर सोडवताना मर्यादेची ओळ कुणी फारशी वाचत नाही. ओळखायला दुसरं काहीच हाती नसलं की तीच पहिली वाचली जाते.

चौथ्या आठवड्यात नवं काही नाही. एक दिवसाआड तीन प्रश्नांचा वेळ लावून राउंड, आणि मधल्या दिवशी त्यात अडलेलं. अडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘ओळखता आलं नाही’ किंवा ‘ओळखलं पण लिहिता आलं नाही’ यांपैकी एक लिहा. पहिला प्रकार जास्त असेल तर गाडीतला पाच मिनिटांचा सराव वाढवायचा. दुसरा जास्त असेल तर त्या विषयाचं पान उघडून चार प्रश्न सलग सोडवायचे, म्हणजे त्या दिवसापुरती विषयवार योजनाच वापरायची.

सरमिसळीचा त्रास

या योजनेत दुसरा आठवडा वाईट जातो. विषयवार करणारा मित्र दिवसाला पाच प्रश्न सोडवत असतो, तुमचे जेमतेम तीन होतात आणि त्यातला एक अर्धवट. काल येत असलेला ॲरेचा प्रश्न आज आठवत नाही. योजना चुकली असं वाटून बरीच मुलं इथेच सोडून देतात. सुटलेल्या प्रश्नांच्या आकड्यावरून हे जोखू नका असं मी सांगेन. नवा, शीर्षक नसलेला प्रश्न वाचल्यापासून पद्धत ठरेपर्यंत किती वेळ जातो, ते बघत राहा. तो वेळ तिसऱ्या आठवड्यात कमी होताना दिसला पाहिजे. तिथेही दिसला नाही, तर बहुधा पायाच कच्चा आहे आणि विषयवार योजनेकडे वळणं बरं.

गट नसेल तर त्रास आणखी वाढतो. अशा वेळी आधीच्या आठवड्यात सोडवलेल्या प्रश्नांचे दुवे एका यादीत टाकून त्यातला कुठलाही एक उचलायचा, एवढं तरी करता येतं. पण जुना प्रश्न चेहऱ्याने ओळखीचा असतो, त्यामुळे नव्या प्रश्नाइतकं ते उपयोगी पडत नाही.

मग कुणी काय घ्यावं

रिकर्शन कधी स्वतः लिहिलंच नसेल, किंवा ट्री-ग्राफ फक्त परीक्षेपुरते वाचले असतील, तर विषयवार योजना घ्या. तिथे हात बसणं आधी हवं. ओळखण्याचा सराव नंतर करता येतो. तुम्ही ज्या कंपन्यांना बसणार आहात त्यांच्या राउंडमध्ये ॲरे आणि स्ट्रिंगच येतात असं मागच्या वर्षीच्या मुलांनी सांगितलं असेल, तरीही सरमिसळीचा खटाटोप फारसा लागणार नाही. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या पहिल्या फेरीबद्दल मुलांकडून असंच ऐकायला मिळतं, म्हणून सिनिअरना आधी विचारून घ्या.

बाकी ज्यांनी सेमिस्टरमध्ये डेटा स्ट्रक्चर्स मनापासून केलं आहे, एकेकटे प्रश्न सुटतात, पण टेस्टला बसल्यावर ‘येत होतं’ असं म्हणत बाहेर यावं लागतं, त्यांना मी सरमिसळच सांगतो. आणि दोन्हींत मन अडकलं असेल तर पहिला आठवडा तसाही सारखा आहे, तो आजच सुरू करा. आठव्या दिवशी सकाळी मित्राकडून नाव काढलेला एक प्रश्न मागवा. वाचून झाल्यावर पाच मिनिटांत पद्धत सुचते का बघा आणि पुढच्या तीन आठवड्यांचं त्यावरून ठरवा.